भाचीचा ‘सा’ आणि ताईचे बारा हजार

दिवाळीच्या आधी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, लग्नानंतर सालेकशाची झालेली. सालेकसा कुठे आलं, असा प्रश्न पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींना हमखास पडतो. त्यांच्यासाठी : गोंदियाहून छत्तीसगडकडे जाणारी गाडी पकडा, आमगाव जाऊ द्या, मग जंगल दाट व्हायला लागलं की उतरायची तयारी करा. तेच.

‘‘ऐक ना, पोरीला गाणं शिकवायचं ठरवलं आहे. मास्तर घरी यायला तयार आहेत, आठवड्यातून दोनदा. आता पेटी घेऊ की ते कीबोर्ड घेऊ, सांगून दे. बारा हजार बाजूला ठेवले आहेत. तुझे भाऊजी म्हणून राहिले कीबोर्ड घे, त्यात सगळंच येते. आणि मामंजी म्हणतात, घरात पेटी असताना डबडं कशाला?’’

म्हणजे विषय संगीताचा नव्हताच, घरातल्या शांततेचा होता! आणि निकाल मी द्यायचा होता, कारण मी ‘पेपरात लिहिते’. मास कॉमची डिग्री असली की माणसाला सगळं कळतं, असा आमच्या घराचा पक्का समज आहे.

खरं सांगायचं तर माझं उत्तर अगदी ओठांवर होतं : कीबोर्ड. आणि नेमकं तिथेच मी अडखळले. कारण माझ्या लहानपणी नागपूरच्या आमच्या घरात कीबोर्डच आला होता. पाचवीत होते. महिनाभर मी त्यातली डेमोची गाणी लावून वर नुसती बोटं नाचवायचे आणि पाहुणे ‘वा वा’ करायचे. नंतर खरंच शिकले, तीन वर्षं. मग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका मैत्रिणीबरोबर बसायची वेळ आली. ती म्हणाली, ‘‘काळी चार दे.’’ मी बटण दाबून ट्रान्सपोज करायला गेले, तर समोर होती पेटी. बटणच नाही! मला गाणं येत होतं, पण फक्त पांढरी एकपासून. दुसरीकडून सुरुवात केली की माझी बोटं आंधळी. शेवटी तिने तंबोऱ्याच्या कॅसेटवर गाऊन वेळ निभावली आणि मी कोल्ड्रिंकचे ग्लास भरले.

तेव्हा भाचीच्या बाबतीत असं तोंडाला येईल ते सांगायचं नाही, एवढं ठरवलं. दिवाळीला जायचंच होतं. म्हटलं, बघूनच सांगते.

आधी प्रश्न नीट विचारा

सालेकशाला पोचले तेव्हा धानाची कापणी सुरू होती आणि घरात कोर्ट भरलेलं. भाऊजींच्या मोबाइलवर एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डचं पान उघडं. मामंजींनी माळ्यावरून भजनी मंडळाच्या काळातली पेटी काढून, पुसून, मधोमध ठेवलेली. सात वर्षांची आरोपी त्या पेटीच्या झाकणावर बसून चकली खात होती.

संध्याकाळी मास्तर आले. गावातलेच, भजनात पेटी धरणारे, कमी बोलणारे. त्यांना मी आपला पत्रकारी प्रश्न टाकला, ‘‘सर, दोन्हींत चांगलं काय?’’ ते म्हणाले, ‘‘पोरीला गायचं आहे की वाजवायचं आहे?’’

बॉस, सगळा फंडा याच प्रश्नात आहे. आपण ‘म्युझिक क्लास’ म्हणतो आणि दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरतो. मूल वाजवायला शिकणार असेल, म्हणजे दोन्ही हातांनी, उजव्यात धून आणि डाव्यात कॉर्ड्स, पाश्चात्त्य नोटेशन वाचून, तर पेटी त्याच्या कामाचीच नाही. पेटीत डावा हात भात्याला वाहिलेला असतो. वाजवायला उरतो एकच. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांमध्ये तर ‘इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड’ हा स्वतंत्र विषय आहे. तिकडे जायचं असेल तर चर्चा बंद, कीबोर्ड घ्या.

पण मूल आपलं गाणं शिकणार असेल, तर वाद्य हे वाजवण्यासाठी नसतं, ऐकण्यासाठी असतं. पहिल्या वर्षी त्याचं काम एवढंच : एक स्थिर ‘सा’ देणं, आणि मुलाने लावलेला सूर बरोबर आला की नाही, हे दाखवणं. भाचीला गायचं होतं. (तिला विचारलं. ती म्हणाली, ‘‘गायचं. आणि चकली पाहिजे.’’)

काळी पाच

मग मास्तरांनी जे केलं, ते बघून मला माझी तीन वर्षं वाया गेल्यासारखी वाटली. त्यांनी पेटी उघडलीच नाही. भाचीला शाळेतली प्रार्थना म्हणायला लावली, तिच्या आवाजात, तिला जमेल तिथून. मग पेटीवर शोधत शोधत ती कुठे गातेय ते पाहिलं. त्यानंतर पांढरी एकचा ‘सा’ देऊन सरगम म्हणवून घेतली. वरच्या ‘नी’ला तिची मान वर गेली, भुवया वर गेल्या आणि वरचा ‘सा’ चक्क किंचाळली. मास्तर दोन घरं खाली सरकले. काळी पाच, खालच्या सप्तकातली. आता वरचा ‘सा’ आरामात आला, चेहरा न बदलता. ‘‘हिचा सा इथे,’’ मास्तर म्हणाले. खालचा ‘प’ अजून नुसता हवेसारखा येत होता, पण त्याची पहिल्या वर्षात गरज नाही म्हणे.

घरी हे कुणालाही करून पाहता येईल. ओळख एकच : वरच्या ‘सा’ला मान ताणली जात असेल किंवा आवाज ओरडल्यासारखा होत असेल, तर पट्टी उंच आहे. खालचा ‘सा’ पुटपुटल्यासारखा येत असेल, तर ती खाली गेली. आणि ही पट्टी कायमची नाही. मूल वाढतं तशी ती अधूनमधून तपासून घ्यायची. आईवडिलांची किंवा मास्तरांची पट्टी मुलावर लादणं, ही घरच्या शिकवणीतली सगळ्यात कॉमन चूक. बाबा काळी एकमध्ये गातात म्हणून पोरगंही तिथूनच सुरू करतं आणि मग ‘याचा आवाज बारीक आहे’ असा शिक्का बसतो.

आता खरी गंमत. पांढरी एकपासून सरगम म्हणजे सरळ सात पांढऱ्या पट्ट्या. लहान मुलाला एका दिवसात जमतं. पण काळी पाचपासून? ‘सा’ काळी पाच, ‘रे’ पांढरी एक, ‘ग’ पांढरी दोन, ‘म’ काळी दोन, मग ‘प’, ‘ध’, ‘नी’ पांढरी चार, पाच, सहा आणि पुन्हा काळी पाच. सात वर्षांच्या बोटांना हा डोंगर आहे. कीबोर्डवर मात्र ट्रान्सपोजचं बटण दोनदा खाली दाबलं की स्क्रीनवर -2 दिसतं आणि पांढरी एक दाबली तरी काळी पाच वाजते. भाऊजींनी लगेच टेबलावर हात मारला, ‘‘मी काय म्हणत होतो!’’

मुद्दा बरोबर होता. सुरुवात सोपी होते, हे खरंच. फक्त त्याची किंमत नंतर मोजावी लागते, आणि ती कशी, हे सांगायला मी समोरच बसले होते. पेटीवर मूल पहिल्या वर्षात अडखळतं, पण ‘सा’ कुठेही असला तरी त्याच्यापासून दोन घरं पुढे ‘रे’, आणखी दोन घरं पुढे ‘ग’, मग एकच घर पुढे ‘म’, हे अंतर बोटांत बसतं. तेच शिक्षण आहे. कीबोर्डवरही ते शिकता येतं, बटणाला हात लावला नाही तर. पण सात वर्षांच्या मुलाला, आणि हो, पाचवीतल्या मला, बटण दिसत असताना न दाबायला कोण सांगणार? तेव्हा कीबोर्ड घेतलात तर पहिल्या काही महिन्यांनंतर ट्रान्सपोज शून्यावर ठेवायचा आणि मुलाच्या खऱ्या पट्टीतून वाजवायला लावायचं. पेटीवरही स्केलचेंजर नावाची हीच सोय मिळते. तिच्यात पट्ट्यांचा सगळा संच सरकतो. नवशिक्यासाठी ती घेऊ नका. वजन वाढतं, पैसे वाढतात आणि बिघडणाऱ्या गोष्टीही.

परदेशी पाहुणी

मामंजींचं म्हणणं होतं की पेटी आपली आणि कीबोर्ड परका. इथे मला थोडं खवचट व्हावं लागलं. हार्मोनियम पॅरिसची. अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने 1840 च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. पायाने भाता चालवायचा, खुर्चीवर बसायचं. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसवलं, भाता मागे आणून हाताला दिला, आणि ती आपली झाली. तीही सगळ्यांना नव्हे. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 उजाडलं.

बंदीमागची तक्रार मात्र खोटी नव्हती. पेटीचे सूर तुटक. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही. शिवाय सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो त्या ‘ग’पेक्षा पेटीचा ‘ग’ जरासा चढा पडतो. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भाग. पण ही तक्रार कीबोर्डलाही जशीच्या तशी लागू आहे. त्याचेही सूर बाराच आणि तेही समान अंतराचे. त्यामुळे शुद्धतेच्या नावावर पेटीला जिंकवता येत नाही, आणि कीबोर्डलाही नाही.

यातून घरी करायची गोष्ट मास्तरांनी सांगितली, तीही एका वाक्यात : ‘‘सा धरा, बाकी पोरीला शोधू द्या.’’ म्हणजे प्रत्येक सुराबरोबर पट्टी दाबायची नाही. तसं केलं की मूल गात नाही, वाद्याच्या मागे मागे चालतं. वाद्य थांबलं की तेही थांबतं. फक्त ‘सा’ लांब धरून ठेवायचा. मुलाने ‘ग’ आधी गळ्यातून लावायचा आणि मग पट्टी दाबून ताळा करायचा. चूक असेल तर मुलाला स्वतःलाच ऐकू येतं. भाचीने पहिल्यांदा ‘ग’ लावला तो अर्धवट उतरलेला होता. पट्टी दाबल्यावर तिने नाक मुरडलं आणि न सांगता वर सरकली. मला वाटतं, शिकवणी खरी तेव्हा सुरू झाली.

हा लांब ‘सा’ दोन्ही वाद्यांवर निघतो. फक्त कीबोर्डवर पियानोचा आवाज लावू नका. तो दाबल्या दाबल्या विरायला लागतो. ऑर्गन किंवा हार्मोनियमचा आवाज निवडा, तो पट्टी सोडेपर्यंत टिकतो. आणि खालची ऱ्हिदम बंद!

माळ्यावरच्या पेटीची तपासणी

आता राहिली मामंजींची पेटी. भाऊजी म्हणत होते, ती मेलेली आहे. मामंजी म्हणत होते, ती झोपली आहे. आम्ही पोस्टमॉर्टेम केलं. तुमच्याही घरात अशी एखादी असेल, तर पैसे खर्च करण्याआधी हे एवढं करा.

पहिलं, वरचे सगळे खटके, म्हणजे स्टॉप, बंद करून भाता भरा. हवेला जायला वाट नाही, तेव्हा भाता फुगलेला राहायला हवा. आमचा फुस्स करून बसला. मागे वाकून पाहिलं तर भात्याचा एक कोपरा उंदराने खाल्लेला.

दुसरं, खटके उघडा, भाता मारा आणि एकही पट्टी दाबू नका. पूर्ण शांतता हवी. आमच्या पेटीत एक सूर आपला आपणच रडत होता. त्या पट्टीखालची स्प्रिंग सैल झाली की झडप नीट बसत नाही आणि हवा निसटते.

तिसरं, एकेक पट्टी लांब धरून ऐका. सूर सरळ यायला हवा. त्यात ‘वाँव-वाँव’ अशा लाटा आल्या, तर त्या पट्टीखालच्या दोन रीड एकमेकींशी जुळत नाहीत. पट्टीमागे दोन रीड असलेल्या पेट्यांत हे होतं.

चौथं, मोबाइलवर ट्यूनरचं कुठलंही फुकट ॲप लावा आणि मधल्या सप्तकातल्या बाराही पट्ट्या एकेक करून तपासा. इथे लोक घाबरतात, पण घाबरायचं कशाला ते समजून घ्या. आमच्या पेटीचे बहुतेक सूर पंचवीस ते तीस भागांनी उतरलेले होते. सगळेच सारखे उतरले असतील, तर काहीही बिघडलेलं नाही! एकमेकांतलं अंतर बरोबर आहे. फक्त तंबोऱ्याचं ॲप तेवढंच खाली आणायचं, बारीक करायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. काळजी करायची ती एकट्या पडलेल्या सुराची. आमची पांढरी सात पन्नास भाग उतरलेली होती, म्हणजे इतरांहून वीसेक भाग जास्त. गोंदियाच्या दुरुस्तीवाल्याकडे पेटी नेली तेव्हा त्याने ती रीड बाहेर काढून दाखवली. टोकावर धुळीचा बारीक थर. टोक जड झालं की पितळी पत्ती सावकाश हलते आणि सूर उतरतो. त्याने मऊ ब्रशने साफ केलं आणि सूर बाकीच्यांच्या ओळीत येऊन बसला. कानस लावावीच लागली नाही. टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो, पण हे काम त्याचं. घासलेलं पितळ परत येत नाही, त्यामुळे घरी यूट्यूब बघून प्रयोग नकोत.

भात्याच्या कोपऱ्याला नवं चामडं, दोन स्प्रिंगा, सगळी साफसफाई मिळून अठ्ठावीसशे रुपये. ताईच्या बारा हजारांतले ब्याण्णवशे वाचले. मामंजींनी त्या रात्री एक भात जास्त मागून घेतला.

पण विजय संपूर्ण नाही

पेटी परत आली, पोर बसली आणि दोन मिनिटांत प्रॉब्लेम कळला. जमिनीवर बसल्यावर पेटी तिच्या छातीपर्यंत येत होती. डावा हात वरून मागे भात्यापर्यंत नेताना खांदा कानाला लागत होता. वर भाता ती घाबरून पटपट मारायची, त्यामुळे ‘सा’ला उचकी लागलेली. यावर उपाय साधा निघाला. तिच्या खाली चादरीची घडी घातली, उंची वाढली, खांदा उतरला. भाता शेवटपर्यंत रिकामा होऊ द्यायचा नाही, त्याआधीच शांतपणे उघडून पुन्हा हळू दाबायचा. आतला भाता टाकीसारखा हवा साठवून ठेवतो, तेवढ्या वेळात सूर तुटत नाही. तरीही गाणं, बोटं आणि भाता हे तिन्ही एकदम सात वर्षांच्या मुलाकडून मागू नये, असं मास्तरांनी बजावलं. पहिले काही महिने ‘सा’ ताई धरणार, पोरीने फक्त गायचं. म्हणजे वाद्य कुणीही जिंकलं तरी घरातला एक मोठा माणूस रोज वीस मिनिटं बांधला गेला. कीबोर्ड घेतला असता तर हे काम थोडं हलकं झालं असतं. भात्याची कटकट नाही, पोर लवकर एकटी बसली असती.

आणि घरी पेटी पडलेली नसती तर? फ्लॅटमध्ये राहणारे, शेजाऱ्यांना घाबरून हेडफोन लावावे लागणारे, जवळपास पेटी दुरुस्त करणारा कुणीच नसलेले, यांनी बिनदिक्कत कीबोर्ड घ्यावा. तो उतरत नाही, पावसाळ्यात फुगत नाही, उंदराला आवडत नाही. फक्त पट्ट्या पूर्ण आकाराच्या हव्यात, खेळण्यातल्या बारीक नकोत. हाताच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त होणारा, टच रिस्पॉन्स असलेला, एकसष्ट पट्ट्यांचा पुरतो. सालेकशासारख्या ठिकाणी, जिथे पावसात लाइट कधी जाईल नेम नाही, तिथे तो बॅटरीवर चालतो ना, हे आधी विचारा. आणि बंद पडला तर कुठे न्यायचा, हेही.

निघायच्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते. आतून काळी पाचचा ‘सा’ येत होता, किंचित हलणारा. ताईचा भाता अजून सुधारायचा आहे. त्यावर भाची ‘ग’ शोधत होती. खाली गेली, थांबली, वर आली, आणि बसली एकदम नेमकी. पट्टी दाबून ताळा केला आणि स्वतःच ‘हं’ म्हणाली.

स्टेशनवर भाऊजी हळूच म्हणाले, ‘‘उरलेल्या पैशांत पुढच्या वर्षी कीबोर्ड घ्यायचा काय?’’ मी म्हटलं, ‘‘घ्या की. पण तुमच्यासाठी. आणि ट्रान्सपोजचं बटण माझ्याकडे पाठवून द्या.’’